मृदाशास्त्रातील ४८० लेखांच्या उद्धरणसंख्या: वितरणाचे वर्णन आणि मुक्त-प्रवेश व वर्गणी गटांची तुलना

माहिती आणि तिची मर्यादा

या विभागातील विश्लेषण मृदाशास्त्राच्या १४ संकरित नियतकालिकांत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४८० लेखांवर आधारलेले आहे. संकरित म्हणजे एकाच नियतकालिकात काही लेख वर्गणीदारांपुरते असतात, तर लेखकाने प्रकाशनशुल्क भरलेले लेख सर्वांना खुले असतात. अशीच नियतकालिके आम्ही मुद्दाम निवडली. पूर्णतः खुल्या आणि पूर्णतः बंद नियतकालिकांची तुलना केली असती, तर नियतकालिकाच्या नावलौकिकाचा परिणाम आणि खुलेपणाचा परिणाम एकमेकांपासून सोडवता आला नसता.

प्रत्येक लेखाला प्रकाशनापासून २०२३ अखेरपर्यंत मिळालेली उद्धरणे एकाच डेटाबेसमधून, एकाच दिवशी घेतली. संपादकीये, शुद्धिपत्रे आणि पुस्तक-परीक्षणे वगळली. वर्ष एकच असले तरी जानेवारीतील लेखाला डिसेंबरमधील लेखापेक्षा सुमारे अकरा महिने जास्त मिळाले आहेत, म्हणून पुढील प्रतिमानात प्रकाशनाचा महिनाही घेतला आहे. लेखकांनी स्वतःच्याच लेखांना दिलेली उद्धरणे मोजणीत ठेवली आहेत. ती काढल्यास एकूण मध्यक ६ वरून ५ वर येतो, गटांचा क्रम बदलत नाही.

वितरण कसे दिसते

साध्या मोजपट्टीवर काढलेला आयतालेख छापण्यात अर्थ नव्हता. जवळजवळ सगळे लेख डावीकडच्या एका स्तंभात कोंबले जात होते आणि उजवीकडे दूरवर एक ठिपका दिसत होता. तो ठिपका म्हणजे मातीतील कर्बमापनाची एक रीत सांगणारा, १,१७४ उद्धरणे मिळालेला लेख. त्याच्या खालोखालच्या लेखाची संख्या १९८ आहे.

४८० पैकी ७१ लेखांना, म्हणजे १४.८ टक्क्यांना, एकही उद्धरण मिळालेले नाही. मध्यक ६ आहे आणि पहिला व तिसरा चतुर्थक अनुक्रमे २ आणि १५. सरासरी मात्र १५.३ येते. ४८० पैकी ३६१ लेख या सरासरीच्या खाली आहेत. तीन-चतुर्थांश लेख ज्याच्या खाली राहतात त्या आकड्याला ‘सामान्य लेखाची’ उद्धरणसंख्या म्हणणे आम्हाला पटत नाही. वरचा एक लेख काढला की हीच सरासरी १२.९ होते; मध्यक जागचा हलत नाही.

प्रमाण विचलन ५६.६ आहे. ‘सरासरी अधिक-उणे प्रमाण विचलन’ अशी प्रचलित मांडणी केली, तर खालची कड उणे ४१ उद्धरणांवर जाते. उणे उद्धरण कोणालाच मिळत नसल्याने ही जोडी आम्ही सारांशात कुठेही वापरलेली नाही.

उद्धरणे किती थोड्या लेखांत एकवटली आहेत हे पाहिले, की चित्र अधिक स्पष्ट होते. एकूण ७,३५६ उद्धरणांपैकी ५४.९ टक्के वरच्या ४८ लेखांकडे आहेत. खालच्या २४० लेखांच्या वाट्याला मिळून ७.५ टक्के येतात. एकट्या कर्बमापनाच्या लेखाकडे १६ टक्के आहेत. यात धक्कादायक काही नाही. ज्याला उद्धरणे मिळाली आहेत त्यालाच आणखी मिळत जातात ही संचयी लाभाची प्रक्रिया प्राइस यांनी १९७६ मध्ये गणिती रूपात मांडली होती, आणि त्याआधी १९६८ मध्ये मर्टन यांनी तिच्या सामाजिक बाजूला मॅथ्यू परिणाम हे नाव दिले होते. म्हणजे लांब शेपूट ही माहितीतली चूक नव्हे. ती ‘साफ’ करण्याचा प्रश्नच येत नाही. टोकाचा लेख आम्ही मूळ नोंदीशी ताडून पाहिला. आकडा खरा आहे, म्हणून लेख संचात ठेवला आहे. त्याच्याविना केलेली गणिते स्वतंत्रपणे दिली आहेत, म्हणजे त्याचे वजन वाचकाला स्वतः जोखता येईल.

मध्यकाच्या जोडीला भूमितीय मध्य दिला आहे. शून्याचा लॉग निघत नसल्यामुळे `ln(c + 1)` या रूपांतराची सरासरी काढून ती उलट फिरवली आणि त्यातून १ वजा केला. तो ६.० येतो, मध्यकाला अगदी लागून. मात्र हा १ मिळवणे हा सोयीचा उपाय आहे. शून्ये फार असलेल्या संचात त्याचा परिणाम जाणवतो, म्हणून शून्य उद्धरणांचे प्रमाण आम्ही कुठेही झाकलेले नाही.

दोन गट

१६८ लेख मुक्त-प्रवेश आणि ३१२ लेख वर्गणी गटात आहेत.

| | मुक्त-प्रवेश | वर्गणी |
|---|---|---|
| लेख | १६८ | ३१२ |
| एकूण उद्धरणे | ३,५५० | ३,८०६ |
| शून्य उद्धरणे असलेले लेख | १७ (१०.१%) | ५४ (१७.३%) |
| मध्यक (पहिला ते तिसरा चतुर्थक) | ८ (३ ते १९) | ५ (२ ते १३) |
| भूमितीय मध्य | ७.८ | ५.२ |
| सरासरी | २१.१ | १२.२ |
| टोकाचा लेख वगळून सरासरी | १४.२ | १२.२ |
| ३४ किंवा अधिक उद्धरणे असलेले लेख | २२ (१३.१%) | २६ (८.३%) |
| सर्वाधिक | १,१७४ | १९८ |

सरासरीच्या दोन ओळी एकत्र वाचाव्यात. पहिल्या ओळीवरून मुक्त-प्रवेश लेखांना पाऊणपट जास्त उद्धरणे मिळतात असे म्हणण्याचा मोह होतो, आणि असे मथळे निघालेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. ८.९ उद्धरणांच्या या फरकातली जवळजवळ सात उद्धरणे एकाच लेखाची देणगी आहे. तो वगळल्यावर २.० एवढाच फरक उरतो.

मध्यकांतील फरक ३ उद्धरणांचा आहे. ५,००० बूटस्ट्रॅप नमुन्यांवरून त्याचा ९५ टक्के विश्वासांतर १ ते ५ येतो. उद्धरणे पूर्णांकात असल्याने हा अंतराल पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो; त्याच्या कडा फार नेमक्या मानू नयेत.

क्रमांकांवर आधारित मान-व्हिटनी चाचणीचे पी-मूल्य ०.००४ आहे. ही चाचणी मध्यकांची तुलना करते असे सर्रास लिहिले जाते, पण दोन वितरणांचा आकार सारखा असल्याशिवाय ते खरे नाही, आणि इथे तो सारखा नाही. म्हणून चाचणीचे फलित आम्ही तिच्या स्वतःच्या भाषेत मांडतो: प्रत्येक गटातून एक लेख यदृच्छेने उचलला, तर मुक्त-प्रवेश लेखाची उद्धरणे जास्त असण्याची शक्यता, बरोबरी अर्धी-अर्धी वाटून, ०.५८ आहे (९५ टक्के विश्वासांतर ०.५३ ते ०.६३). काहीच फरक नसता तर ती ०.५० असती. शंभर जोड्यांपैकी बेचाळीस वेळा वर्गणीचा लेख पुढे असेल, हेही त्याच आकड्यात आहे. पी-मूल्य लहान असले तरी फरक माफक आहे.

फरक वितरणाच्या कोणत्या भागात आहे, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न. खालच्या टोकाला तो दिसतो: शून्य उद्धरणांच्या प्रमाणात ७.२ टक्केबिंदूंचे अंतर आहे (विश्वासांतर १.० ते १३.४). वरच्या टोकाला चित्र धूसर आहे. संपूर्ण संचातील वरच्या दहा टक्क्यांत बसणाऱ्या लेखांच्या प्रमाणातला फरक ४.८ टक्केबिंदू असला, तरी त्याचा विश्वासांतर उणे १.२ ते १०.७ आहे. म्हणजे या संचावरून एवढेच म्हणता येते, की खुले लेख पूर्णपणे दुर्लक्षित राहण्याचे प्रमाण कमी आहे. ते अधिक वेळा गाजतात, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

तुलना कुठे सैल पडते

आढावालेखांना मूळ संशोधनापेक्षा जास्त उद्धरणे मिळतात, आणि ते दोन गटांत सारखे वाटले गेलेले नाहीत: मुक्त-प्रवेश गटात २१ (१२.५ टक्के), वर्गणी गटात १७ (५.४ टक्के). ते बाजूला ठेवून उरलेल्या ४४२ मूळ संशोधनलेखांवर तीच तुलना केली, तेव्हा ०.५८ चे ०.५६ झाले (०.५० ते ०.६२, पी-मूल्य ०.०४). फरकाची दिशा टिकली, पण विश्वासांतराची खालची कड ०.५० ला टेकली.

लेखप्रकार, उपशाखा, प्रकाशनाचा महिना आणि लेखकसंख्या धरून ऋण द्विपद रिग्रेशनही केले. विचरण सरासरीच्या कैकपट असल्याने पॉयसाँ प्रतिमान पहिल्याच पायरीला बाद झाले होते. सर्व ४८० लेख घेतल्यास मुक्त-प्रवेश गटाचे समायोजित गुणोत्तर १.४४ येते (१.१२ ते १.८५). एक लेख काढल्यास १.०५ (०.८३ ते १.३३). प्रतिमान तेच, चल तेच, ४७९ लेख तेच. म्हणून या प्रतिमानातून गटफरकाविषयी कोणताही दावा आम्ही करत नाही. ही दोन गुणोत्तरे देण्याचा हेतू एवढाच, की ऋण द्विपद प्रतिमानही अखेर सरासरीचेच प्रतिमान आहे आणि त्याच्या नावामुळे विषमतेपासून संरक्षण मिळत नाही, हे दिसावे. याउलट `ln(c + 1)` वरील असमायोजित तुलना टोकाच्या लेखाने फारशी डळमळत नाही: त्या प्रमाणावर गटांचे गुणोत्तर १.४२ आहे (१.१३ ते १.७९).

आकड्यांपलीकडची अडचण अधिक मोठी आहे. लेख खुला करायचा की नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नाही. शुल्क भरण्यासाठी निधी लागतो, आणि निधी असलेल्या गटांकडे सहसा मोठा चमू व चांगली उपकरणेही असतात. आपला कोणता लेख चालेल याचा अंदाज लेखकांना असतो, आणि पैसे त्याच लेखावर खर्च होतात. निधीची नोंद आमच्याकडे विश्वासार्ह स्वरूपात नव्हती, त्यामुळे ती प्रतिमानात नाही. शिवाय ‘वर्गणी’ गटातील ९६ लेखांची हस्तलिखित प्रत कुठल्या ना कुठल्या संस्थात्मक संग्रहात मोफत सापडली. हे लेख आम्ही वर्गणी गटातच ठेवले आहेत, कारण ती प्रत नेमकी कधी चढवली गेली हे बहुतेक ठिकाणी नोंदलेले नव्हते. त्यामुळे गटांमधली भिंत दिसते तितकी पक्की नाही.

या कारणांमुळे लेखात ‘खुलेपणामुळे उद्धरणे वाढतात’ असे वाक्य कुठेही नाही. सारांशात पुढील शब्दच वापरले आहेत: “२०१८ मधील या ४८० लेखांत मुक्त-प्रवेश लेखांची उद्धरणसंख्या वर्गणी लेखांपेक्षा माफक प्रमाणात जास्त आढळली (मध्यक ८ विरुद्ध ५), हा फरक मुख्यतः कमी उद्धरणांच्या भागात होता आणि आढावालेख वगळल्यावर आणखी कमी झाला. निरीक्षणात्मक माहितीवरून त्याचे कारण ठरवता येत नाही.”