तांबूला घरात ठेवायची परवानगी हवीय, सोबत कराराचा कागद

भाट्ये, रत्नागिरी
18 मे 2025

वसंतकाका, तुम्हाला आणि काकूंना नमस्कार,

फोनवरच बोलणार होतो, पण असल्या गोष्टी तोंडी झाल्या की नंतर कोण काय म्हणालं होतं त्यावरून गैरसमज होतात, म्हणून लिहूनच पाठवतोय. आपल्या लीव्ह अँड लायसन्समध्ये आहे ना, की तुमच्या लेखी परवानगीशिवाय पाळीव प्राणी ठेवायचा नाही, तर तीच परवानगी मागतोय. आम्हाला एक कुत्री पाळायचीय.

नाव तांबू. साधारण पाच महिन्यांची, गावठी, मिरकरवाडा बंदरावरच्या पिल्लांमधली. सध्या मेघनाच्या मैत्रिणीकडे नाचण्याला आहे पण तिथे सोसायटीवाल्यांची कटकट सुरू झालीय. तुमचं उत्तर येईपर्यंत आम्ही तिला घरी आणणार नाही. रेबीजचं इंजेक्शन झालंय, डिस्टेंपर, पार्वो, लेप्टोची पण झालीयत, कार्डाचे फोटो पाठवतो. लेप्टोचं मी डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलं, कारण पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि तो आजार माणसांनाही होतो. नसबंदी पावसाआधी होईल असं दिसत नाही, थोडी मोठी झाली की करून घेऊ.

आता तुमच्या मनात काय येईल ते मला माहितीय, पहिला प्रश्न गणपतीचा. माजघर आणि देवघर एरवी कुलुपातच असतं, तिकडे ती जायचा प्रश्नच नाही, आणि तुम्ही सगळे डोंबिवलीहून याल तेव्हा ते सगळे दिवस ती नाचण्याला राहील, तसं बोलून ठेवलंय. काकूंच्या सोवळ्याला धक्का लागणार नाही.

दुसरं, पुढचं सागवानी दार. पिल्लू आहे, नखं मारणारच, नाही मारणार असं सांगितलं तर ते खोटं होईल. म्हणून दाराच्या आत दोन फुटांवर लाकडी जाळीचं छोटं फाटक उभं करतोय, भिंतीला एकही खिळा न मारता, नुसतं दोन बाजूंना दाबून बसणारं. ती दारापर्यंत पोचणारच नाही. लाल चिखलाचे पाय पुसायला पडवीत काथ्याचं पायपुसणं आणि बादली राहील.

रात्री बाहेर बांधणार नाही हे मुद्दाम सांगतो. वाडीत गेल्या वर्षी बिबट्याने एक कुत्रा उचलला, तेव्हापासून इथे कुणीच रात्री खळ्यात कुत्रा ठेवत नाही. ती आमच्या पुढच्या खोलीतच झोपेल.

कलमांवरची माकडं ती पळवेल असं आमिष मी दाखवणार नाही काका, वानर फांदीवर बसून कुत्र्याला वाकुल्या दाखवतात. नारळाच्या बागेत अनोळखी माणूस शिरला तर ओरडेल, एवढं नक्की.

खाली कराराचा मसुदा दिलाय, काही बदल हवा असेल तर बिनधास्त सांगा. आणि नको वाटत असेल तर तसंही सांगा, राग येणार नाही, मैत्रिणीला मग दुसरं घर शोधायला लागेल म्हणून फक्त महिनाअखेरपर्यंत कळवा.

तुमचा,
निलेश

पाळीव कुत्र्याबाबतचा करार

घरमालक वसंतकाका आणि भाडेकरू निलेश व मेघना यांच्यात, भाट्ये येथील घराच्या चालू 11 महिन्यांच्या कराराला जोडून.

1. परवानगी फक्त तांबू या एका कुत्रीसाठी. दुसरा प्राणी आणायचा तर पुन्हा विचारायचं, आणि तिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत.

2. नेहमीच्या डिपॉझिटशिवाय 5,000 रुपये वेगळे देऊ. घर सोडताना दार, फरशी, भिंत दोघांनी मिळून बघायची, नुकसान असेल तेवढं कापून बाकीचे परत. नुकसान जास्त निघालं तर वरचे पैसे आम्ही भरू. आत्ताची अवस्था कळावी म्हणून तांबू येण्याआधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून दोघांकडे ठेवायचे.

3. रेबीजचं इंजेक्शन दर वर्षी, कार्ड मागाल तेव्हा दाखवू. गोचिडाचं औषध वेळच्या वेळी, कारण गोचीड एकदा चिऱ्याच्या भिंतीत शिरले की निघता निघत नाहीत.

4. माजघर, देवघर, तुळशीजवळ आणि विहिरीच्या कठड्याजवळ तिला सोडायचं नाही. गणपतीत आणि मालकांचं कुटुंब राहायला असेल तेव्हा ती दुसरीकडे राहील.

5. गडग्याबाहेर साखळीशिवाय नाही. शेजारच्या काकी खळ्यात बोंबील वाळत घालतात, त्याला तोंड लावलं तर भरपाई आमची. कुणाला चावली तर दवाखान्याचा खर्चही आमचाच. घाण आम्हीच उचलू, बागेत किंवा पुळणीत टाकून येणार नाही.

6. रात्री भुंकण्याची किंवा अशीच काही तक्रार आली तर मालकांनी आधी आम्हाला सांगायचं, 15 दिवसांत सुधारणा झाली नाही तर परवानगी काढून घेता येईल. तसं झालं तर तिची सोय करायला एक महिना मिळावा.

7. आम्ही गावी गेलो तर तिला घरात एकटी कोंडून ठेवणार नाही.

दोन प्रती, एक मालकांकडे, एक आमच्याकडे. सह्या काका पुढच्या वेळी येतील तेव्हा समोरासमोर, आणि साक्षीला शेजारच्या काकी.