इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी: पुडीवरचं लेबल आपल्या मराठीत

मंडळी, कृषी केंद्रातून परवा गटासाठी पुड्या आणल्या. आतला कागद हिंदी-इंग्रजीत आणि अक्षर इतकं बारीक की अण्णांना चष्मा लावूनही वाचता येईना, म्हणून आपल्याकडच्या पिकांपुरतं सगळं मराठीत टाइप केलंय. प्रिंट काढून गोठ्याच्या भिंतीला चिकटवा.

काय आहे: अळीनाशक. एसजी म्हणजे पाण्यात विरघळणारे दाणे. अळीनं फवारलेलं पान खाल्लं की तिचं खाणं थांबतं, पण ती मरायला दोन-चार दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अळी हलताना दिसली म्हणून लगेच परत फवारू नका.

किती घ्यायचं: लेबलवर सगळं हेक्टरी दिलंय, मी अडीचने भागून एकरी केलंय. पाणी हेक्टरी ५०० लिटर म्हणजे एकरी २०० लिटर, पंप १५ लिटरचा धरला तर तेरा-साडेतेरा पंप.

कपाशी, बोंडअळी: एकरी ७६ ते ८८ ग्रॅम, पंपाला साधारण ६ ते साडेसहा ग्रॅम.
तूर, शेंगा पोखरणारी अळी: एकरी ८८ ग्रॅम, पाणी २०० ते ३०० लिटर. पाणी जास्त घेतलं तरी औषध ८८ ग्रॅमच.
हरभरा, घाटेअळी: एकरी ८८ ग्रॅम, पंपाला साडेसहा.
वांगं (शेंडा आणि फळ पोखरणारी अळी) आणि मिरची (फळ पोखरणारी अळी, फुलकिडे, कोळी): एकरी ८० ग्रॅम, पंपाला ६.
भेंडी, फळ पोखरणारी अळी: एकरी ५४ ते ६८ ग्रॅम, पंपाला ४ ते ५.

पंप १८ लिटरचा असेल तर ६ च्या जागी ७ ग्रॅमच्या जरा वर जाईल. बाटलीचं झाकण भरून अंदाजाने टाकू नका, किराणावाल्याकडचा छोटा काटा चालतो पण तो परत घरात वापरायचा नाही. आधी बादलीत थोड्या पाण्यात दाणे काठीने ढवळून विरघळवा मग पंपात ओता. दुकानदार चार औषधं एकत्र मारायला सांगतात, या लेबलवर तसं काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे मिसळू नका.

थांबायचे दिवस: इंग्रजीत याला वेटिंग पिरियड म्हणतात आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो, मागच्या वर्षी आमच्या काकांनीच याचा अर्थ दोन फवारण्यांमधलं अंतर असा काढला होता. तसं नाही. शेवटच्या फवारणीपासून माल तोडेपर्यंत इतके दिवस जायलाच पाहिजेत. कपाशी १० दिवस, तूर आणि हरभरा १४, भेंडी ५, वांगं आणि मिरची ३. भेंडीची तोडणी एक दिवसाआड असते हे मलाही माहितीये, पण मग तोडणी आटोपून फवारा आणि पाच दिवसांतली भेंडी बाजारात पाठवू नका, ती कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते.

काळजी: पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, हातमोजे, मास्क, चष्मा, बूट. उकाड्यात नको वाटतं हे खरं, पण २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेलीत, विसरू नका. वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही, भर दुपारी नाही, नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, तंबाखू-बिडी-पाणी हात साबणाने धुतल्यावरच. पिकं उंच झाली की फवारा थेट तोंडाशी येतो, तेव्हा जास्त जपा. मासे आणि मधमाश्यांना हे विषारी आहे. पंप नाल्यात, विहिरीजवळ धुवू नका, आणि तूर फुलात असेल तर संध्याकाळीच फवारा.

विषबाधा झाली तर: डोकं दुखणं, मळमळ, हातपाय थरथरणं, डोळ्याची बाहुली मोठी होणं, तोल जाणं. यातलं काहीही दिसलं की काम बंद, माणसाला मोकळ्या हवेत न्या, कपडे काढून अंग साबणाने धुवा, डोळ्यात गेलं असेल तर १५ मिनिटं साध्या पाण्याने धुवा. पोटात गेलं असेल तर आपल्या मनाने उलटी करवू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नका. १०८ ला फोन करा आणि पुडी सोबत न्याच. याला ठरावीक उतारा नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात, म्हणून औषधाचं नाव त्यांना कळायलाच पाहिजे.

रिकामी पुडी फाडून पाण्याच्या जागेपासून लांब खड्ड्यात पुरा. उरलेलं औषध मूळ पुडीतच, कुलपात, धान्य आणि चाऱ्यापासून लांब. चहाच्या डब्यात भरून ठेवू नका.