1 एचपी घरघंटी: वॉरंटी, परत देणे आणि डिलिव्हरीबद्दल गिऱ्हाइकांचे प्रश्न

वॉरंटी नेमकी कशावर आहे?
मोटरवर 3 वर्षे. स्विच, वायरिंग, कॅबिनेट आणि दाराची कडी यांवर 1 वर्ष. जाळ्या, पिठाची कापडी पिशवी आणि दळणाच्या पात्या वापराने झिजतातच, म्हणून त्यांना वॉरंटी नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतो. वेगळं कार्ड भरून पाठवायची गरज नाही, बिल तेवढं जपून ठेवा.

मोटर जळाली तर "तुमच्याकडचं व्होल्टेज कमी होतं" म्हणून हात वर करणार नाही ना?
नाही. मोटर आमच्या सांगलीच्या कारखान्यात उघडून बघतो आणि जे दिसेल त्याचे फोटो तुम्हाला पाठवतो. वाइंडिंगमध्ये किंवा बेअरिंगमध्ये दोष असेल तर मोटर बदलून देतो, येण्याजाण्याचं भाडंही आमचं.

मात्र एक कळकळीची विनंती आहे. व्होल्टेज फार पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. शेतीपंप सुरू असताना गावाकडे हा त्रास होतो. अशा वेळी दिवा मिणमिणत असेल तर दळण थांबवा. घरघंटी 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, अर्थिंग असलेल्या. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावून जळालेली मोटर आम्ही वॉरंटीत धरत नाही. मोटर दुरुस्त करून देतो, पण त्याचा खर्च तुमचा.

दळता दळता अचानक बंद पडली. बिघडली का?
बहुतेक वेळा नाही. मोटरवर ताण आला की ओव्हरलोड स्विच स्वतःहून सप्लाय तोडतो; मोटर वाचावी म्हणूनच तो दिलाय. मुख्य स्विच बंद करा, प्लग काढा, अर्धा तास थांबा, आतलं धान्य आणि जाळी साफ करा, मग मागचं लाल बटण दाबून पुन्हा सुरू करा. तरीही चालली नाही तर कळवा.

ताण येण्याचं नेहमीचं कारण ओलसर धान्य. गहू धुतले असतील तर कडक उन्हात वाळवूनच दळा. भाजणी पूर्ण गार होऊ द्या. शेंगदाणे, तीळ, जवस यात घालू नका, तेल सुटून जाळी लिंपते.

आवडली नाही तर परत घ्याल का?
हो, मिळाल्यापासून 7 दिवसांत. दळण केलेलं नसेल तर 900 रुपये वाहतूक खर्च वजा करून बाकी रक्कम परत.

पण दळल्याशिवाय दोष कळणार कसा?
बरोबर आहे. म्हणून 1 किलो गहू दळून बघायला आमची पूर्ण मुभा आहे. पीठ जाडंभरडं येतंय, मशीन थरथरतंय, दारातून पीठ उडतंय असं काही असेल तर छोटा व्हिडिओ पाठवा. आधी फोनवर जाळी नीट बसली आहे का ते बघू. दोष आमचा निघाला तर गाडी आम्ही पाठवतो, एक रुपयाही कापत नाही. मशीन आमच्याकडे पोचल्यावर 5 कामकाजाच्या दिवसांत पैसे तुमच्या खात्यात. पैसे नको, दुसरी घरघंटी हवी असेल तर तीही देतो.

आवाजाचं आधीच सांगतो: मिक्सरसारखा आवाज येतो. रात्री उशिरा दळायचा विचार असेल तर घेण्याआधी आमच्याकडून चालू मशीनचा व्हिडिओ मागवा.

घरपोच म्हणजे घरात की गेटपर्यंत?
लिफ्ट असेल तर दारापर्यंत. नसेल तर तळमजल्यावर. पेटीसकट वजन 42 किलो आहे, एकट्या ड्रायव्हरला जिना चढवणं जमत नाही. वर न्यायचं असेल तर ऑर्डर करतानाच मजला लिहा, हमाल सोबत पाठवतो. दर मजल्याला 100 रुपये.

किती दिवस लागतात?
पुणे, मुंबई, ठाणे, कोल्हापूर 3 ते 4 दिवस. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण आणि गोवा 5 ते 7. गावापर्यंत ट्रान्सपोर्ट जात नसेल तर तालुक्याच्या गोडाऊनला माल येतो, तिथून न्यावा लागतो. हे ऑर्डर पक्की करण्याआधी फोन करून सांगतो.

पेटी फाटलेली आली तर?
ड्रायव्हरसमोरच उघडा आणि व्हिडिओ काढा. चलनावर "पेटी फुटलेली" असं लिहून मग सही करा. तो थांबायला तयार नसेल तर "न तपासता घेतली" एवढं तरी लिहाच. कोपरा दबला असेल, दार वाकलं असेल तर 48 तासांत बिलावरच्या व्हॉट्सॲप नंबरवर फोटो पाठवा, पार्ट किंवा पूर्ण मशीन बदलून देतो. व्हिडिओ काढायचा राहिला म्हणून तक्रार नाकारत नाही, फक्त ट्रान्सपोर्टकडून खुलासा यायला दोन-चार दिवस जास्त लागतात.

घर बदललं किंवा मशीन बहिणीला दिली तर वॉरंटी राहते का?
राहते. बिल तिच्याकडे द्या आणि नवा पत्ता आम्हाला कळवा.