आई, फोन वाजला नाही तर हे बघ

आई, काल तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. जीव टांगणीला लागला होता. बहुधा घंटी बंद झालीय. फोनच्या कडेचं आवाजाचं लांब बटण वरच्या बाजूला दाब. पडद्यावर घंटी दिसेल. तिच्यावर काट असेल तर ती जाईपर्यंत घंटीवर बोट टेकव, मग आवाज पूर्ण वाढव.

नेट बंद वाटलं तर वरच्या कडेवरून बोट खाली ओढ. ‘मोबाइल डेटा’ निळं हवं. राखाडी असेल तर एकदाच दाब. विमानाचं चित्र मात्र दाबू नकोस, फोनच लागत नाही.

बॅलन्ससाठी तुझ्या जिओवरून 1299 लाव. फोन आपोआप कट होईल, मेसेज येईल. चष्मा लावून सावकाश कर. साडेआठला फोन करते.