बी.एड. लर्निंग थिअरीज: कोण काय म्हणतं, वर्गात कुठे वापरायचं

पाव्हलॉव्ह: कुत्रा, घंटा, लाळ: घंटेनंतर खाणं मिळत गेलं की पुढे नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. वर्गात म्हणजे गणिताचे सर दिसले की पोटात गोळा, एवढं पुरे.

स्किनर: प्रबलन. बरोबर उत्तराला लगेच शाबासकी, पण सारखे स्टार वाटले तर पोरं स्टारसाठीच अभ्यास करतात (माझं मत, पेपरात नका लिहू).

पियाजे: मूल स्वतः करून ज्ञान रचतं, साधारण ७ ते ११ वर्षं मूर्त क्रियात्मक अवस्था, म्हणून अपूर्णांक आधी भाकरीचे तुकडे करून, मग फळ्यावर.

व्हायगॉट्स्की: पेपरात पियाजेशी तुलना इथेच विचारतात. पियाजेकडे विकास आधी मग शिकणं, हा म्हणतो शिकण्यामुळेच विकास पुढे सरकतो, एकट्याला जमत नाही पण मदतीने जमतं तो पट्टा म्हणजे झेडपीडी, झोन ऑफ प्रॉक्सिमल डेव्हलपमेंट, तिथे आधार द्यायचा आणि हळूहळू काढायचा. या आधाराला स्कॅफोल्डिंग म्हणतात, पण हा शब्द त्याचा नाही हां, वुड, ब्रुनर, रॉस, १९७६.