थोपटणं

फीत दोन ठिकाणी तुटली होती, मधे बोटभर चुरगळलेली. कॅसेटवर आजीच्या अक्षरात एवढंच: ‘अंगाई’.

चुरगळलेला तुकडा कापून टाकणं सोपं होतं. पण कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. बोटभर फीत म्हणजे आजीचा दीड सेकंद. नातीचं मन होईना. तिने तो तुकडा बोटाच्या पोटाने हळूहळू सपाट केला, टोकाला टोक भिडवलं आणि मागच्या बाजूने फीत जोडायची खास पट्टी लावली. साधी चिकटपट्टी नाही. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात.

मग कॉम्प्युटरवर खरखर काढायला बसली. जास्त काढली की आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा, म्हणून थोडी राहू दिली. खाली सारखं धप्‌ धप्‌ ऐकू येत होतं. माइकला धक्का लागत असावा, असं समजून तिने एकेक ठोका पुसला. रात्रीचे दोन वाजले.

सकाळी आईला ऐकवलं. आईने डोळे मिटले, मग विचारलं, “थोपटणं कुठे गेलं गं?”

“थोपटणं?”

“आई गाताना मला थोपटायची. ठेका तोच होता.”

नात काही बोलली नाही. मूळ फाइल ठेवली होती, ती उघडली. धप्‌. धप्‌. कडव्याच्या शेवटी ठोके संथ झाले, आवाज कुजबुजीवर आला.

“इथे मी झोपले,” आई म्हणाली.