सराव प्रश्न: पीपीएम ते मिग्रॅ/घमी (औद्योगिक सुरक्षा पदविका, वायू व बाष्प)

वेळ २० मिनिटे, गुण १०. कॅल्क्युलेटर चालेल. वेगळे सांगितले नसल्यास तापमान २५° से. व दाब १ वातावरण धरा.

सूत्र: मिग्रॅ/घमी = पीपीएम × रेणुभार ÷ २४.४५

२४.४५ म्हणजे या स्थितीत एका मोलने व्यापलेले लिटर. अनेक जण सवयीने २२.४ घालतात, तो आकडा ०° से.चा, गुण तिथेच जातात.

प्र. १. बर्फ कारखान्यात अमोनिया (रेणुभार १७) २५ पीपीएम आढळला. मिग्रॅ/घमी काढा. (२)

प्र. २. रंगकामाच्या शेडमध्ये टोल्युइनची बाष्पे (रेणुभार ९२) १८८ मिग्रॅ/घमी. पीपीएम किती? (२)

प्र. ३. बॉयलरजवळ ४०° से. तापमानात कार्बन मोनॉक्साइड (रेणुभार २८) ५० पीपीएम आहे. मिग्रॅ/घमी काढा. (४)

प्र. ४. शिशाची धूळ ०.१५ मिग्रॅ/घमी आहे. पीपीएममध्ये मांडा. (२)

उत्तरे

१. २५ × १७ ÷ २४.४५ = १७.४ मिग्रॅ/घमी.

२. सूत्र उलटवा: १८८ × २४.४५ ÷ ९२ = ५० पीपीएम (४९.९६).

३. आधी मोलचे आकारमान: २४.४५ × ३१३ ÷ २९८ = २५.६८ लिटर. मग ५० × २८ ÷ २५.६८ = ५४.५ मिग्रॅ/घमी. २५° से.ला हेच ५७.३ आले असते. तापमान वाढले की हवा फुगते, पीपीएम तेच राहते, घनमीटरमधले वजन मात्र घटते. केल्व्हिन न करता थेट ४० ÷ २५ केले, तर शून्य गुण.

४. मांडता येत नाही. धूळ हा वायू नव्हे, बाष्पही नव्हे. सूत्र लागूच पडत नाही. आकडेमोड केलेली दिसली तर गुण नाहीत.